आधी खातेउतारा, मग बोलणी

सप्रेम नमस्कार. २०१० साली खाणीवर चालवण्यासाठी टिपर ट्रक घेतला. बँकेचं कर्ज आठ लाख, व्याज १३ टक्के, १८,२०० रुपयांचे साठ हप्ते. जुलै २०१० पासून ऑगस्ट २०१२ पर्यंत सगळे २६ हप्ते वेळेवर भरले. सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. मार्च २०१३ मध्ये बँकेची माणसं ट्रक घेऊन गेली. नंतर बँकेकडून काहीच आलं नाही, मला वाटलं विषय संपला. आता, मार्च २०२५ मध्ये, एका वसुली कंपनीचा फोन आला. म्हणतात, तुमचं कर्ज आम्ही विकत घेतलंय, २६ लाख १७ हजार भरा, नाहीतर घरावर जप्ती आणू. व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवलाय. सही करून पाच हजार टोकन भरलं तर सूट देतो म्हणतात. जामीन राहिलेल्या मेव्हण्यालाही फोन गेलाय. गावात कोणी म्हणतं बारा वर्षं झाली, देणं मेलं. कोणी म्हणतं गोव्यात पोर्तुगीज कायदा, तीस वर्षं सुटका नाही. माझ्याकडे हप्त्यांच्या पावत्या तेवढ्या आहेत. काय करू?
– एक ट्रकवाला, होंडा, सत्तरी

भाऊ,

त्या फॉर्मवर सही करू नका आणि ते पाच हजारही भरू नका. मेव्हण्यालाही आजच फोन करून हेच सांगा. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण एकदा झालेली सही मागे घेता येत नाही.

मी एका बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे तो फॉर्म काय असतो ते मला ठाऊक आहे. वरवर तो सवलतीचा अर्ज दिसतो. आत कुठेतरी एक ओळ असते: ‘मी सदर कर्जाची थकबाकी मान्य करतो व ती फेडण्याचे वचन देतो.’ सगळा जीव त्या ओळीत असतो.

कारण असं. दिलेलं कर्ज कोर्टातून वसूल करायला कायद्याने मुदत घालून दिली आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या कर्जाला ती तीन वर्षांची असते. हप्त्याच्या कर्जात प्रत्येक चुकलेल्या हप्त्याची मुदत त्या हप्त्याच्या तारखेपासून धावते. बँकेने मध्येच पूर्ण कर्ज एकरकमी मागितलं असेल, तर त्या दिवसापासून. बँकेला जास्तीत जास्त झुकतं माप द्यायचं म्हटलं तरी तुमचा साठावा आणि शेवटचा हप्ता जून २०१५ चा होता. त्याच्यापुढे तीन वर्षं म्हणजे जून २०१८. या काळात बँकेने दावा लावला नसेल, तुम्ही काही भरलं नसेल आणि कशावर सही केली नसेल, तर कोर्टाचा रस्ता तेव्हाच बंद झाला. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने मुदती थांबवल्या होत्या, तो हिशेब वसुलीवाले तुम्हाला ऐकवतील. तो काळ १५ मार्च २०२० ला सुरू होतो. २०१८ ला संपलेली मुदत त्याने जिवंत होत नाही.

मुदत चालू असताना कर्जदाराने लेखी कबुली सही करून दिली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत संपून गेल्यावर नुसत्या कबुलीने ती परत येत नाही. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २५ मध्ये एक तरतूद आहे: मुदतबाह्य झालेलं देणं फेडण्याचं लेखी वचन कर्जदाराने सही करून दिलं, तर तो नवा, पूर्ण वैध करार होतो. म्हणजे आज ज्या कागदावर कोणतंही कोर्ट वसुली देणार नाही, त्याच्या जागी उद्या तुमच्या सहीचा ताजा कागद उभा राहतो, तोही २६ लाखांचा. टोकनचे पाच हजार त्यासाठीच हवे असतात. पैसे भरले की माणूस मनाने अडकतो आणि सहीला हात आपोआप पुढे येतो.

व्हॉट्सॲपवरसुद्धा ‘भरतो, थोडी मुदत द्या’ असं लिहू नका. तेही लेखीच धरलं जाऊ शकतं. बोलायचंच झालं तर एकच वाक्य: ‘जे आहे ते कागदावर पाठवा.’

आता पोर्तुगीज कायद्याचं. गावात जे सांगतात ते अगदीच हवेतलं नाही. पोर्तुगीज नागरी संहितेत अशा देण्यांना वीस-तीस वर्षांची मुदत होती, आणि गोव्यात तीच चालते असं सर्वोच्च न्यायालयानेच १९७९ मध्ये म्हटलं होतं. पण २००१ मध्ये गोव्यातल्याच एका बँकेच्या कर्जाचा वाद त्या न्यायालयापुढे गेला आणि जुना निर्णय मोडीत निघाला. करारातून आलेल्या देण्यांना गोव्यातही १९६३ चाच कायदा लागू, असं ठरलं. तुमचं कर्ज २०१० चं, म्हणजे त्याच्याही नंतरचं. तीस वर्षांची भीती मनातून काढून टाका.

‘देणं मेलं’ म्हणणारेही अर्धंच सांगतात. मुदत संपली की दावा लावण्याचा हक्क जातो, देणं मात्र कायद्याच्या नजरेत उरतं. याचा व्यवहारात एक अर्थ आहे आणि तो तुम्हाला चटका देऊ शकतो. त्याच बँकेत तुमचं बचत खातं किंवा मुदत ठेव असेल, तर बँक कोर्टात न जाता त्यातून जुनी बाकी वळती करू पाहील. तुमचं किंवा मेव्हण्याचं तिथे काही असेल तर या गोष्टीची जाणीव ठेवा. त्या बँकेत कोणत्याही कारणाने पैसे भरताना ते कशासाठी आहेत ते स्लिपवर लिहा. तुम्ही काही लिहिलं नाही, तर ते मुदतबाह्य बाकीला लावायची मुभा कायदा धनकोला देतो.

मुदतीचं हे सगळं गणित एकाच गोष्टीने उलटतं: २०१२ ते २०१८ मध्ये तुमच्या नकळत दावा लागून निकाल झाला असेल तर. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत करता येते. लवादाचा निवाडाही तसाच बजावता येतो, आणि ट्रकच्या कर्जांत लवादाचं कलम बऱ्याचदा करारात असतं. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, परत येते, आणि एकतर्फी निकाल होतो. म्हणून फोनवाल्याशी वाद घालण्याआधी स्वतः शोध घ्या. services.ecourts.gov.in वर गोवा निवडून, उत्तर गोव्यातली न्यायालयं एकेक करून, पक्षकाराच्या नावाने २०१२ पासूनचं प्रत्येक वर्ष तपासा. वाळपई आणि डिचोली आधी बघा, मग पणजी. नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी टाका, कारण आपल्याकडे आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर असतं. बँकेचं नाव टाकूनही एकदा बघा. वेबसाइट जमली नाही तर वाळपईच्या कोर्टात जाऊन एखाद्या वकिलाकडून हा शोध करून घ्या. लवादाचा निवाडा मात्र असा सापडत नाही, तो विचारूनच कळतो. त्यासाठी खालच्या पत्रात वेगळं वाक्य घातलं आहे.

मग रकमेकडे येऊ. तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर काढला, कारण २६ लाख १७ हजार हा आकडाच बोलका आहे.

आठ लाख, १३ टक्के, साठ हप्ते म्हटलं की महिना १८,२०० च्या आसपास हप्ता येतो, तेव्हा तुमची आठवण बरोबर आहे. २६ हप्त्यांत तुम्ही सुमारे ४ लाख ७३ हजार भरले. त्यातले १ लाख ८८ हजार व्याजात गेले, २ लाख ८५ हजार मुद्दलात. म्हणजे ऑगस्ट २०१२ च्या हप्त्यानंतर मुद्दल उरलं ५ लाख १५ हजार. ट्रक नेला तोवर सात महिने गेले, त्यांचं व्याज साधारण ३९ हजार. मार्च २०१३ ची बाकी म्हणून ५ लाख ५४ हजार धरा.

आता हे ५ लाख ५४ हजार दर महिन्याला व्याजावर व्याज चढवत बारा वर्षं, म्हणजे १४४ महिने, पुढे नेले तर किती होतात? २६ लाख १५ हजारांच्या आसपास. कंपनी मागते त्याच्या जवळपास तंतोतंत. याचा अर्थ असा की ज्याने हा आकडा काढला, त्याने तुमच्या ट्रकची किंमत बहुधा एक रुपयानेही वजा केलेली नाही. ट्रक बँकेने नेला, तो विकला असणार, ते पैसे तुमच्या खात्यात जमा व्हायला हवे होते. ते या आकड्यात कुठे दिसत नाहीत.

समजा ट्रक तीन लाखांना गेला. त्या वर्षी सगळ्या खाणपट्ट्यात ट्रक विकायला उभे होते, भाव पडलेला होता, तरी मोजणीसाठी तीन धरू. मग मार्च २०१३ ची बाकी उरते अडीच लाखांच्या थोडी वर. तिच्यावर चक्रवाढ लावली तर आजची रक्कम बारा लाख. साधं व्याज लावलं तर साडेसहा लाख. ट्रकला साडेचार लाख आले असतील तर उरलेली बाकीच लाखभर. एकाच कर्जाचे २६ लाख होतात, १२ होतात, साडेसहा होतात आणि त्याहून खालीही जातात. कोणता आकडा खरा, हे फक्त खातेउतारा आणि विक्रीचे कागद सांगतील. म्हणून ते मागितल्याशिवाय ‘कमी करा’ असं सुद्धा म्हणू नका. कमी करा म्हटलं की मूळ आकडा मान्य केल्यासारखं होतं.

व्याजाची आणखी एक गोष्ट, जी वसुलीवाला कधीच सांगत नाही. हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की बँकेला ते खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए, धरावं लागतं. त्यानंतर न मिळालेलं व्याज बँक आपलं उत्पन्न म्हणून दाखवू शकत नाही. पुढचं व्याज वेगळ्या नोंदीत चढत राहतं. तुमचं खातं डिसेंबर २०१२ च्या सुमारास एनपीए झालं असणार. म्हणून उताऱ्यात दोन आकडे वेगळे मागायचे: एनपीएच्या तारखेला खातेवहीत असलेली बाकी, आणि त्यानंतर कागदावर चढवलेलं व्याज, दंड व इतर खर्च. ही फोड आली की फुगवटा कुठे आहे ते शाळकरी पोरालाही दिसतं.

आता विचारायचं कुणाला? तुमच्याकडे फोन कंपनीचा आला, पण करार बँकेशी झाला होता. कर्ज खरंच विकलं गेलं आहे की नाही हे बँकच सांगू शकते, म्हणून मुख्य पत्र बँकेला आणि त्याची प्रत कंपनीला. त्याआधी घरबसल्या स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. हे कर्ज त्यात अजून असेल तर ते कुणाच्या नावावर आहे, शेवटचा भरणा कधीचा आणि बाकी किती दाखवली आहे, ते समोर येईल. फोनवाला २६ लाख म्हणतो आणि रिपोर्टात चार लाख ‘राइट ऑफ’ दिसतात, असं होऊ शकतं. राइट ऑफ म्हणजे कर्जमाफी मात्र नव्हे. बँकेने ते आपल्या ताळेबंदातून काढलं, एवढाच त्याचा अर्थ.

पत्र साध्या मराठीत किंवा इंग्रजीत चालेल. मी तुमच्यासाठी मसुदा करून देते. यातला पहिला परिच्छेद गाळू नका.

‘शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या नावे असल्याचे सांगितल्या जाणाऱ्या जुन्या वाहन कर्जाबाबत मला अमुक तारखेला अमुक क्रमांकावरून फोन आला व २६,१७,००० रुपयांची मागणी करण्यात आली. हे पत्र केवळ माहिती मागण्यासाठी आहे. याद्वारे मी कोणतीही रक्कम किंवा देणे मान्य करत नाही, ते फेडण्याचे वचन देत नाही, आणि मुदतीच्या कायद्यासह माझे सर्व हक्क राखून ठेवतो.

सदर कर्ज आज कोणाच्या मालकीचे आहे ते लेखी कळवावे. ते हस्तांतरित केले असल्यास हस्तांतराची तारीख व त्या दस्ताची माझ्या खात्यापुरती प्रत द्यावी. फोन करणारी व्यक्ती आपली अधिकृत वसुली प्रतिनिधी असल्यास तिचे अधिकारपत्र द्यावे. कर्ज करार, जामीनपत्र, तारण करार आणि कर्ज दिल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा संपूर्ण, प्रमाणित खातेउतारा द्यावा. त्यात मुद्दल, व्याज, दंड व इतर खर्च वेगळे दाखवावेत, व्याजदर कधी बदलला ते दाखवावे आणि खाते एनपीए झाल्याची तारीख व त्या दिवशीची बाकी नमूद करावी.

मार्च २०१३ मध्ये आपण ताब्यात घेतलेल्या ट्रकची जप्ती पावती, विक्रीपूर्व नोटीस, मूल्यांकन, विक्रीची तारीख, आलेली किंमत आणि ती माझ्या खात्यात जमा केल्याची नोंद द्यावी. खाणबंदीग्रस्त कर्जदारांच्या शासकीय मदत योजनेतून या खात्यात काही जमा झाले असल्यास तेही कळवावे. मी अथवा जामीनदाराने सही केलेले कोणतेही कबुलीपत्र असल्यास त्याची प्रत द्यावी. या कर्जाबाबत दावा, लवाद किंवा लोकअदालत झाली असल्यास क्रमांक, तारीख व आदेशाची प्रत द्यावी. वरील कागद मिळेपर्यंत माझ्याशी व जामीनदाराशी फक्त लेखी संपर्क करावा.’

खाली सही, तारीख, पत्ता. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा पुरावा जपून ठेवा आणि शाखेच्या ईमेलवरही त्याची प्रत टाका. शाखेत हातोहात दिलंत तर स्थळप्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता पोस्टात जा.

पत्रात मी सरकारी योजनेचा उल्लेख घातला त्याला कारण आहे. खाणी बंद झाल्यावर राज्य सरकारने २०१४ मध्ये खाणबंदीग्रस्त कर्जदारांसाठी कर्जातून दिलासा देणारी योजना आणली होती आणि सत्तरी-डिचोली-सांग्यातल्या कितीतरी ट्रकवाल्यांनी त्यासाठी अर्ज केले. तुम्ही तेव्हा कुठे फॉर्म भरला होता का, ते आठवून बघा. घरात विचारा, कारण असे कागद पुष्कळदा बायकोने किंवा भावाने जपलेले असतात. अर्ज केला असेल तर दोन्ही बाजूंनी फरक पडतो. त्यातून खात्यात काही जमा झालेलं असू शकतं, आणि त्या अर्जात तुम्ही बाकी मान्य केल्याची सहीही असू शकते. २०१४ च्या सहीनेही मुदत फार तर २०१७ पर्यंतच लांबते, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त ते आधी माहीत असावं.

आता बँकेचं उत्तर कसं वाचायचं ते सांगते. कबुलीपत्राची प्रत आली तर तिची तारीख नीट बघा. कर्ज घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात कोरं, तारीख नसलेलं कबुलीपत्र सही करून घेण्याची वाईट सवय काही ठिकाणी होती. मी स्वतः असे कागद फाइलींत पाहिले आहेत, आणि त्या वेळी गप्प राहिल्याचं मला आजही वाईट वाटतं. तारखेची शाई आणि सहीची शाई वेगळी, तारखेचं अक्षर तुमचं नाही, किंवा त्या तारखेला तुम्ही गावात नव्हतात, असं काही दिसलं तर ती प्रत घेऊन थेट वकिलाकडे जा. प्रत्येक कबुलीची तारीख आधीच्या मुदतीच्या आत आहे का तेही मोजा. साखळी एकदा तुटली की पुढची कबुली मुदत वाढवत नाही.

खातेउतारा आला तर आपल्या २६ पावत्या घेऊन बसा आणि एकेका नोंदीला टिक करा. एखादा हप्ता उताऱ्यात नसेल तर तो तुमचा. मग थेट मार्च २०१३ च्या पुढची पानं उघडून ट्रकच्या विक्रीची जमा शोधा. ती सापडली नाही तर आणखी एक दार ठोठावता येतं, ते म्हणजे आरटीओ. ट्रक विकताना नोंदणी आधी बँकेच्या किंवा थेट नव्या मालकाच्या नावावर जावी लागते. गाडीचा नंबर तुमच्याकडे असेलच. तुमच्या आरटीओ कार्यालयात त्या नंबरची नोंद मागा. मालकी कोणत्या तारखेला बदलली ते कळलं की ‘ट्रक विकलाच नव्हता’ म्हणायची सोय राहत नाही. आणि समजा नोंदणी अजून तुमच्याच नावावर निघाली, तर ते या कर्जाहूनही तातडीचं आहे. त्या गाडीचा कर आणि अपघाताची जबाबदारी तुमच्या गळ्यात येऊ शकते. तसं असेल तर मला लगेच पुन्हा लिहा.

‘इतकं जुनं रेकॉर्ड आता नाही’ असंही उत्तर येईल, आणि मला तर तेच येईलसं वाटतं. ते लेखी घ्या. नुसत्या हिशेबवहीतल्या नोंदीवर कुणालाही देणेकरी ठरवता येत नाही, हे पुराव्याच्या जुन्या कायद्यातही होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. मग ज्यांच्याकडे ती नोंदसुद्धा नाही, त्यांनी छापून दिलेला एका ओळीचा आकडा कशाच्या आधारावर उभा राहणार? कर्ज विकत घेणाऱ्यालाही बँकेपेक्षा जास्त हक्क मिळत नाही. बँकेची मुदत संपली असेल तर त्याचीही संपलेली असते.

तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. तक्रारीत ‘कर्ज माफ करा’ असं लिहू नका. ‘खातेउतारा आणि ट्रकच्या विक्रीचा हिशेब मागूनही दिला नाही’ एवढंच नेमकं लिहा आणि पत्राची पोच जोडा.

घरावर जप्तीची धमकी मनावर घेऊ नका. घर तुम्ही तारण दिलेलं नव्हतं. तारण नसलेल्या घराला हात लावायचा तर आधी कोर्टाचा हुकूम लागतो, आणि तो आहे का ते तुम्ही शोधणारच आहात. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करणं, घरातल्या बायकामाणसांना धमकावणं यालाही मनाई आहे. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत टिपा. दारात कोणी आलं तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो घ्या, आणि दारातूनच परत पाठवा.

एक कागद मात्र कधी दुर्लक्षू नका, तो म्हणजे कोर्टाचा. समन्स आलं तर दिलेल्या तारखेला हजर राहायचंच आणि मुदत संपल्याचा मुद्दा लेखी मांडायचा. कोर्टाने तो स्वतःहूनही बघायला हवा असं कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर घरी बसू नका. ‘दाखलपूर्व लोकअदालत’ अशी नोटीस आली तर ती नीट वाचा. तिथे तडजोड करायलाच हवी असं बंधन नसतं, पण केलीत तर तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. तिथे जा, ‘कागद मागितले आहेत, मिळालेले नाहीत’ एवढं सांगा, आणि सही न करता घरी या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो.

मेव्हण्याबद्दल तुम्हाला जास्त काळजी वाटते हे पत्रात दिसतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे खरं, पण मुदत त्यालाही असते, आणि तुमच्या एकट्याच्या कबुलीने त्याची मुदत वाढत नाही. म्हणूनच त्याला वेगळा फोन जातो, त्याची वेगळी सही हवी असते. वरचंच पत्र थोडं बदलून त्यानेही आपल्या सहीने पाठवावं.

राहता राहिलं तुमच्या मनातलं. घेतलेलं फेडलं पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल, तर मी त्याला नको म्हणणार नाही. तो तुमचा निर्णय, आणि हिशेब हातात आल्यावर घ्यायचा. तसं ठरलंच तर ट्रकची किंमत वजा करून मुद्दल किती उरलं तिथून बोलणी सुरू करा, चढवलेल्या व्याजापासून नाही. तडजोडीचं पत्र बँकेच्या किंवा सिद्ध झालेल्या मालकाच्या लेटरहेडवर आधी घ्या. त्यात रक्कम, तारीख आणि ‘यानंतर कर्जदार व जामीनदार दोघांकडूनही काही येणे नाही’ हे वाक्य हवं. ते पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, पैसे खात्यावरच भरायचे, रोख कुणाच्या हातात नाही, आणि ना-देय दाखला मिळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

या आठवड्यात कोर्टाचा शोध, क्रेडिट रिपोर्ट आणि आरटीओची नोंद ही तीन कामं उरका, म्हणजे सोमवारी पत्र टाकता येईल. उताऱ्याची प्रत आली की २६ पावत्यांच्या तारखांसकट मला पाठवा; व्याज मी पुन्हा मोजून देईन.